उलटसुलट अक्षरांचा शोध, एकाच फेरीत

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य शेवटाकडून एकेक अक्षर उचलत वाचलं तरी ‘रामाला भाला मारा’च राहतं. दोन्ही बाजूंनी सारख्या वाचल्या जाणाऱ्या अशा मजकुराला पॅलिंड्रोम म्हणतात. हातात आलेलं वाक्य पॅलिंड्रोम आहे की नाही हे तपासणं अगदी सोपं. दोन टोकांवर दोन बोटं ठेवायची आणि अक्षरं जुळत असतील तोवर आत सरकायचं. या वाक्यातली सात अक्षरं तपासायला तीन तुलना पुरतात.

प्रश्न जरा बदलला की काम अवघड होतं. समजा, दहा लाख अक्षरांचा मजकूर समोर आहे आणि त्यातला सर्वांत लांब सलग पॅलिंड्रोम शोधायचा आहे. तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, काहीच माहीत नाही. मग टोकांपासून सुरुवात करून उपयोग नाही. मध्यापासून करावी लागते. प्रत्येक अक्षर हे एखाद्या पॅलिंड्रोमचं केंद्र आहे असं धरायचं आणि डावी-उजवीकडची अक्षरं जुळतात तोवर बाहेर पसरत जायचं. केंद्राच्या एका बाजूला जितकी अक्षरं जुळली, तितका त्या केंद्राचा पल्ला. सर्वांत मोठा पल्ला ज्या केंद्राचा, तिथे आपलं उत्तर.

ही पद्धत बिनचूक आहे. तिचा वेग मात्र मजकुरावर अवलंबून राहतो. साध्या गद्यात बहुतेक केंद्रांवर पहिली किंवा दुसरी तुलनाच फसते आणि काम पटकन उरकतं. पण मजकुरात पुनरावृत्ती असली की प्रत्येक केंद्र लांबवर पसरतं. सगळी अक्षरं एकच असतील तर कहरच होतो. एक हजार वेळा ‘क’ लिहिलेला असेल तर २,४९,५०० तुलना लागतात. दहा लाख ‘क’ असतील तर हा आकडा सुमारे २५ हजार कोटींवर जातो. मजकूर हजारपट वाढला आणि काम दहा लाख पट!

१९७५ साली ग्लेन मॅनाकर या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने ‘जर्नल ऑफ द एसीएम’मध्ये एक लेख लिहिला. त्याचा प्रश्न मर्यादित होता. मजकूर डावीकडून एकेक अक्षराने येत असताना, त्याच्या अगदी सुरुवातीपासून सुरू होणारा सर्वांत छोटा पॅलिंड्रोम शोधायचा आणि काम मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच ठेवायचं. पुढे १९९५ मध्ये अपोस्टोलिको, ब्रेसलाउअर आणि गालिल या तिघांनी दाखवलं की हीच रीत मजकुरातल्या प्रत्येक केंद्राचा पल्ला काढून देते. आज ‘मॅनाकरची रीत’ म्हणून जी शिकवली जाते ती या रूपातली.

डावीकडचं उजवीकडे

साध्या पद्धतीचा दोष असा की ती प्रत्येक केंद्रावर नव्याने सुरुवात करते. आधीच्या केंद्रांवर केलेल्या तुलनांमधून जे कळलं ते ती वाऱ्यावर सोडते. आणि पॅलिंड्रोममध्ये तर हे कळलेलं फार कामाचं असतं, कारण त्याचा उजवा अर्धा भाग हा डाव्या अर्ध्या भागाचं आरशातलं प्रतिबिंब असतो. डाव्या भागात एखादा छोटा पॅलिंड्रोम सापडला असेल, तर उजव्या भागात तेवढ्याच अंतरावर त्याचं प्रतिबिंब असणारच. आणि पॅलिंड्रोमचं प्रतिबिंब म्हणजे पुन्हा तोच पॅलिंड्रोम. मग तो पुन्हा मोजायचा कशाला?

हे दहा अक्षरांवर करून पाहू.

```
स्थान :  १  २  ३  ४  ५  ६  ७  ८  ९  १०
अक्षर :  न  व  न  ज  न  व  न  ज  न  क
```

डावीकडून एकेक केंद्र घेत जायचं. पहिल्या ‘न’च्या डावीकडे काही नाही, पल्ला शून्य. दुसऱ्या स्थानावरच्या ‘व’च्या दोन्ही बाजूंना ‘न’ आहे, पल्ला १. तिसऱ्या स्थानाच्या एका बाजूला ‘व’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ज’, म्हणून शून्य. चौथ्या स्थानावरचा ‘ज’ मात्र लांब जातो. तीन जोड्या जुळतात आणि डावीकडे मजकूरच संपतो. पल्ला ३. म्हणजे १ ते ७ हा सगळा तुकडा पॅलिंड्रोम आहे.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. सर्वांत उजवीकडे पोहोचलेल्या पॅलिंड्रोमचं केंद्र, म्हणजे ४, आणि त्याची उजवी हद्द, म्हणजे ७. हद्दीच्या आतलं प्रत्येक अक्षर आपण पाहिलेलं आहे. हद्दीपलीकडचं एकही नाही. पुढची सगळी रीत या दोन आकड्यांवर चालते.

पाचव्या स्थानावर येऊ. चौथ्या केंद्राभोवतीचं त्याचं प्रतिबिंब तिसऱ्या स्थानावर आहे आणि तिसऱ्याचा पल्ला शून्य. म्हणून पाचव्याचाही शून्य. इथे तुलना करायचीच नाही. तिसऱ्या केंद्राची जी जोडी फसली होती, ‘व’ आणि ‘ज’, तिचं प्रतिबिंबही हद्दीच्या आतच आहे. त्यामुळे पल्ला निदान इतका आहे एवढंच नव्हे, तर इतकाच आहे, हेही पक्कं.

सहाव्या स्थानाचं प्रतिबिंब दुसऱ्या स्थानावर, पल्ला १. तो उचलून सहाव्यावर ठेवला की सहा अधिक एक सात, म्हणजे आपण नेमके हद्दीवर येऊन टेकतो. इथे उचललेला आकडा खरा आहे, पण पूर्ण आहे की नाही ते सांगता येत नाही. दुसरं केंद्र डावीकडे मजकूर संपल्यामुळे थांबलं होतं, सहाव्यापुढे मात्र न पाहिलेली अक्षरं आहेत. म्हणून एकवर न थांबता पुढच्या तुलना करायच्या. चौथं आणि आठवं, दोन्ही ‘ज’, जुळले. तिसरं आणि नववं, दोन्ही ‘न’, जुळले. दुसरं ‘व’ आणि दहावं ‘क’, फसले. सहाव्याचा पल्ला ३. त्याचा तुकडा ३ ते ९ असा पसरला, म्हणून नवं केंद्र ६ आणि नवी हद्द ९.

सातव्याचं प्रतिबिंब पाचव्यावर, पल्ला शून्य आणि तो हद्दीच्या बराच आत. उचलला आणि पुढे निघालो.

आठव्या स्थानावर या रीतीतला सर्वांत नाजूक प्रसंग येतो. त्याचं प्रतिबिंब चौथ्या स्थानावर आहे आणि चौथ्याचा पल्ला ३ आहे. तो जसाच्या तसा उचलला तर आठ अधिक तीन अकरा, आणि मजकुरात तर दहाच अक्षरं! चौथ्याचा पॅलिंड्रोम १ ते ७ पसरलेला आहे, पण सहाव्या केंद्राचा आरसा फक्त ३ ते ९ एवढाच आहे. तिसऱ्या स्थानाच्या डावीकडचा भाग त्या आरशात दिसतच नाही. म्हणून आकडा हद्दीपाशी कापायचा: नऊ वजा आठ, पल्ला १.

कापल्यावर पुढे तुलना करून पाहावी का? गरज नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आठव्याचा पल्ला दोन व्हायचा तर दहाव्या स्थानी सहाव्यासारखं अक्षर, म्हणजे ‘व’ हवं. चौथ्याचा पॅलिंड्रोम लांब असल्यामुळे दुसरं आणि सहावं अक्षर सारखं आहे, हे आपल्याला माहीत आहे. आणि सहाव्या केंद्राचा विस्तार थांबला तो नेमका दुसरं आणि दहावं अक्षर वेगळं निघालं म्हणून. दुसरं सहाव्यासारखं, दहावं दुसऱ्यासारखं नाही, तेव्हा दहावं सहाव्यासारखं असूच शकत नाही. प्रतिबिंबाचा पल्ला हद्दीबाहेर जात असेल तर उत्तर हद्दीपाशी नेमकं संपतं, हे कुठल्याही मजकुरात खरं ठरतं.

नववं केंद्र हद्दीवरच बसलेलं आहे. एक तुलना केली, ‘ज’ आणि ‘क’, फसली. पल्ला शून्य. दहाव्याच्या उजवीकडे काही नाही, शून्य. सगळे पल्ले मिळाले: ०, १, ०, ३, ०, ३, ०, १, ०, ०. सर्वांत मोठा ३, म्हणजे सात अक्षरं, आणि असे दोन तुकडे आहेत: ‘नवनजनवन’ आणि ‘नजनवनजन’. एकूण तुलना नऊ झाल्या. साध्या पद्धतीने याच मजकुराला चौदा लागतात.

दोन चक्रं, तरी एकच फेरी

नऊ आणि चौदा यांतला फरक किरकोळ वाटेल. खरा फरक मजकूर वाढला की दिसतो. हीच रीत पायथॉनमध्ये लिहिली तर एवढीच होते. स्थानं इथे शून्यापासून मोजली आहेत. `p` म्हणजे पल्ले, `c` म्हणजे केंद्र, `r` म्हणजे हद्द.

```python
def radii(s):
    n = len(s)
    p = [0] * n
    c = r = 0
    for i in range(n):
        if i < r:
            p[i] = min(p[2*c - i], r - i)
        a, b = i - p[i] - 1, i + p[i] + 1
        while a >= 0 and b < n and s[a] == s[b]:
            p[i] += 1
            a, b = a - 1, b + 1
        if i + p[i] > r:
            c, r = i, i + p[i]
    return p
```

एका चक्राच्या पोटात दुसरं चक्र दिसलं की काम वर्गाच्या प्रमाणात वाढणार, असं प्रोग्रॅमर लगेच धरून चालतो. इथे तसं होत नाही, आणि ते पटवून घ्यायला हद्दीकडे लक्ष ठेवलं की पुरतं. जुळलेली प्रत्येक तुलना हद्दीपलीकडच्या, अजून न पाहिलेल्या अक्षराशी झालेली असते, आणि ती जुळताच हद्द एक घर उजवीकडे सरकते. हद्द कधीच मागे येत नाही आणि मजकुराच्या बाहेरही जात नाही. त्यामुळे जुळलेल्या तुलना मजकुरातल्या अक्षरांपेक्षा जास्त होऊच शकत नाहीत. फसलेली तुलना प्रत्येक केंद्रावर फार तर एक, कारण फसली की आपण पुढच्या केंद्राकडे जातो. दोन्ही मिळून अक्षरांच्या दुपटीच्या आत. दहा लाख ‘क’ असले तरी वीस लाखांच्या आत काम संपतं. वरचा प्रोग्रॅम पाचव्या, सातव्या आणि आठव्या स्थानांवरही एकेक तुलना उगाच करून पाहतो. म्हणून त्याच्या तुलना नऊऐवजी बारा होतात. ओळी कमी राहतात आणि दुपटीची मर्यादा मोडत नाही, म्हणून बहुतेक जण असंच लिहितात.

आतापर्यंत आपण मध्यावर एक अक्षर असलेले, म्हणजे विषम लांबीचे पॅलिंड्रोमच मोजले. ‘काका’, ‘मामा’, ‘नाना’ यांचा मध्य दोन अक्षरांच्या मधल्या फटीत असतो. त्यांच्यासाठी प्रत्येक फटीत आणि दोन्ही टोकांना एक खूण घालतात. ‘काका’चं ‘# का # का #’ होतं. मधली `#` केंद्र धरली की दोन्ही बाजूंना आधी ‘का’ जुळतो, मग `#`. पल्ला २, आणि हीच मूळ पॅलिंड्रोमची लांबी. खुणांच्या मजकुरातला पल्ला म्हणजे मूळ लांबी, हे सम-विषम दोन्हींना लागू पडतं. ही खूण मजकुरात कुठेही नसलेली हवी, असं अनेक जण सांगतात, पण त्याची गरज नाही. केंद्रापासून सारख्या अंतरावरची दोन स्थानं एक तर दोन्ही खुणांची असतात किंवा दोन्ही अक्षरांची. खूण आणि अक्षर समोरासमोर कधी येतच नाहीत.

चूक लपते कुठे

ही रीत लिहिताना होणाऱ्या दोन चुका मुद्दाम सांगाव्यात अशा आहेत, कारण दोन्ही उत्तरातून सहज दिसत नाहीत. पहिली म्हणजे `min` विसरणं, म्हणजेच आकडा हद्दीपाशी न कापणं. आपल्या उदाहरणात आठव्याला पल्ला ३ मिळेल, अकराव्या स्थानापर्यंत गेलेला अशक्य पॅलिंड्रोम नोंदला जाईल, पण सर्वांत लांब किती असं विचारलं तर उत्तर सातच येईल. म्हणून नुसती कमाल लांबी न पाहता सगळे पल्ले साध्या पद्धतीच्या पल्ल्यांशी ताडून बघायचे. तेही दोनच अक्षरांच्या यादृच्छिक मजकुरांवर. सव्वीस अक्षरांतून यादृच्छिक मजकूर बनवला तर त्यात लांब पॅलिंड्रोम जवळजवळ नसतातच आणि नाजूक प्रसंग येतच नाही.

दुसरी चूक म्हणजे केंद्र आणि हद्द पुढे सरकवायला विसरणं. इथे तर सगळे पल्ले बरोबर येतात, कारण प्रोग्रॅम चुपचाप साध्या पद्धतीवर येऊन काम करत राहतो. ती पकडायला घड्याळ लागतं. एकाच अक्षराचा लांब मजकूर द्यायचा, मग त्याची लांबी दुप्पट करायची. वेळही साधारण दुप्पट झाला तर ठीक. चौपट झाला तर हद्द हलत नाही आहे.

मराठी मजकुराला आणखी एक अडचण आहे, आणि ती रीतीच्याही आधी येते. संगणक देवनागरी साठवतो तेव्हा ‘जी’ हे त्याच्या लेखी एक अक्षर नसतं. ‘ज’ वेगळा आणि वेलांटी वेगळी. ‘नवजीवन’ आपल्याला पाच अक्षरांचा चोख पॅलिंड्रोम दिसतो. वरच्या प्रोग्रॅमला तो सहा चिन्हांचा दिसतो, आणि खुणा घालून शोधलं तरी त्यात एकापेक्षा लांब पॅलिंड्रोम सापडत नाही. ‘रामाला भाला मारा’ मोकळ्या जागा काढून दिलं तर गंमत होते. प्रत्येक अक्षराला काना असल्यामुळे चौदापैकी तेरा चिन्हं जुळतात आणि फक्त शेवटचा काना बाहेर राहतो. जवळजवळ बरोबर दिसणारं हे उत्तर पूर्ण चुकलेल्या उत्तरापेक्षा जास्त फसवं.

म्हणून आधी मजकुराची अक्षरं पाडायची, काना-मात्रा आणि जोडाक्षरं मूळ व्यंजनाशी धरून ठेवायची आणि मग त्या अक्षरांच्या यादीवर रीत चालवायची. जुन्या नियमांवर चालणाऱ्या काही सुविधा जोडाक्षर मधोमध तोडतात. तिथे ‘मध्यम’ची तीनऐवजी चार अक्षरं होतात आणि पॅलिंड्रोम मोडतो. अक्षरं नीट पाडली तरी एक निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. ‘चिमा काय कामाची’ कानाला पॅलिंड्रोम वाटतं, पण सुरुवातीची ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटची ‘ची’ दीर्घ आहे. ऱ्हस्व-दीर्घ वेगळे मानले तर मधली ‘मा काय कामा’ ही पाच अक्षरंच उरतात, एक मानले तर सातही जुळतात. मॅनाकरच्या रीतीला दोन्ही चालतं. तिला फक्त दोन अक्षरं सारखी कधी मानायची हे ठामपणे सांगावं लागतं.

आरसा तडकतो तिथे

‘सारखं’ची व्याख्या आणखीही बदलता येते. जीवशास्त्रात डीएनएच्या संदर्भात पॅलिंड्रोम म्हणतात तेव्हा अक्षरं सारखी नव्हे, तर जोडीची असावी लागतात: ए-समोर टी आणि जी-समोर सी. इको-आर-वन हे विकर ज्या ठिकाणी डीएनए कापतं तो जी-ए-ए-टी-टी-सी हा तुकडा असाच आहे. शेवटाकडून वाचत प्रत्येक अक्षराऐवजी त्याचं जोडीचं अक्षर ठेवलं की पुन्हा तोच तुकडा मिळतो. अशा तुकड्याचं प्रतिबिंबही तोच तुकडा असल्यामुळे पल्ला उचलण्याची युक्ती इथेही जशीच्या तशी चालते. एवढंच की कोणतंही अक्षर स्वतःचं जोडीदार नसल्यामुळे केंद्र नेहमी दोन अक्षरांमधल्या फटीतच असतं.

मात्र प्रत्यक्ष डीएनएत अनेकदा हवे असतात ते किंचित बिघडलेले पॅलिंड्रोम: एखादं अक्षर न जुळणारे, किंवा दोन हातांच्या मध्ये काही अक्षरांची जागा सोडलेले. इथे ही रीत थांबते. मोठ्या पॅलिंड्रोममध्ये एक जोडी जरी न जुळणारी असेल, तर उजवा भाग हा डाव्याचं हुबेहूब प्रतिबिंब राहत नाही. डावीकडच्या छोट्या पॅलिंड्रोमच्या नेमक्या त्याच अक्षरात तफावत असू शकते, आणि मग उचललेला पल्ला खोटा ठरतो. तिथे प्रत्येक केंद्र स्वतंत्रपणे पाहावं लागतं आणि पुढची न जुळणारी जोडी चटकन दाखवणाऱ्या प्रत्ययवृक्षासारख्या रचनांची मदत घ्यावी लागते. त्यांना जागा जास्त लागते आणि त्या लिहायलाही अवघड.

जिथे अक्षरं काटेकोरपणे जुळणंच अपेक्षित आहे, तिथे मात्र ही एक फेरी सर्वांत लांब तुकड्यापेक्षा बरंच काही देऊन जाते. खुणांसकट पल्ल्यांची यादी एकदा हाती आली की मजकुरातला कोणताही तुकडा पॅलिंड्रोम आहे का, याचं उत्तर एका नजरेत मिळतं. त्या तुकड्याच्या मध्याचा पल्ला यादीत पाहायचा आणि तो तुकड्याच्या लांबीइतका किंवा जास्त आहे का एवढं बघायचं. मजकूर कमीत कमी पॅलिंड्रोमांत कसा तोडता येईल, त्यात एकूण पॅलिंड्रोम किती, असे पुढचे प्रश्न याच यादीवर सोडवले जातात, आणि त्यांना मूळ मजकुराकडे पुन्हा वळून पाहावं लागत नाही.